गच्चीवरचं मशीन आणि बहात्तर टॉवेल

सकाळी साडेदहा वाजता वॉशिंग मशीनने चौथ्यांदा शिट्टी मारली आणि वहिनीने भिंतीवरच्या वहीत पेन्सिलीने लिहिलं : "घाणा दुसरा. पाणी येईना. बंद."

घाणा हा सासूबाईंचा शब्द. एका वेळी मशीनमध्ये मावतात तेवढे कपडे म्हणजे त्यांच्या लेखी एक घाणा. वही वहिनीची. सगळं घर आणि अर्धी गल्ली तिला वहिनीच म्हणायची, आणि तिने पोहण्याच्या तलावाचे टॉवेल धुवायचं काम अंगावर घेतल्यापासून तलावावरचे लोकही तसंच म्हणू लागले होते. प्रत्येक घाणा कधी लावला, कधी उतरला, हे ती लिहून ठेवायची. त्यात हौस नव्हती. वेळेत टॉवेल पोचवणं हेच तिचं काम होतं.

आज संध्याकाळी सहाला तलावावर स्पर्धा होती. सकाळी सातला मॅनेजरने बहात्तर टॉवेल पाठवले आणि निरोपही दिला : पाच वाजेपर्यंत सगळे कोरडे परत आले तर रोजचं काम तुमचंच; नाहीतर उद्यापासून मोठ्या लाँड्रीची गाडी येईल. अठरा टॉवेलांचा एक घाणा, म्हणजे चार घाणे. पहिला सात-वीसला लावला तो उतरायला नऊ-पस्तीस झाले. दुसरा पावणेदहाला लावला होता आणि आता तो साबणाच्या पाण्यात भिजून बसला होता.

"पुन्हा सुरूचं बटण दाब," सासूबाई जिन्यातून म्हणाल्या.

"चार वेळा दाबलं, आई."

"मग दमलं असेल. जरा विसावा दे."

विसाव्याचा सल्ला मागच्या मेकॅनिकचा होता. त्याने महिन्याभरात दोन चकरा मारल्या. पहिल्यांदा पाण्याचा व्हॉल्व्ह बदलला. दुसऱ्यांदा अप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, त्याला गच्चीवरचा नळ सोडून दाखवला. बादली पाऊण मिनिटात भरली. "पाण्याला जोर आहे," मेकॅनिक म्हणाला, "तुमचं मशीन गरम होतंय. दोन घाण्यांनंतर थांबत जा." आणि खरंच, रात्रभर थांबवलं की सकाळचा पहिला घाणा, रडतखडत का होईना, निघायचा. मशीन दमतं हे घरात पक्कं झालं.

का दमतं, याचंही उत्तर ठरलेलं होतं. मशीन पूर्वी तळमजल्यावर, मागच्या मोरीत होतं. तिथे घाणा एक तास दहा मिनिटांत उतरायचा. वहीत तीन महिन्यांच्या नोंदी होत्या. मागच्या महिन्यात अप्पांनी गच्चीवर खोली बांधली आणि मशीन वर नेलं. नेताना जिन्याच्या वळणावर धाकट्या दिराचा हात सुटला आणि मशीन कठड्यावर आपटलं. तेव्हापासून जे काही बिघडेल ते दिराच्या नावावर जमा होत होतं.

"त्या दिवशी आपटलं नसतंस तर," हे वाक्य तो दिवसातून दोनदा ऐकायचा.

"आपटलं नव्हतं. टेकवलं होतं," तो म्हणायचा.

"टेकवल्यावर कठड्याचा टवका उडतो?"

दहा-चाळीसला नवी मेकॅनिक आली. ठेंगणी, पाठीवर मोठी पिशवी, दोन जिने चढूनही बोलणं न थांबलेली. "कुठाय पेशंट? शिट्टी रस्त्यापर्यंत ऐकू येते हो. काका, तुम्ही बांधली ही खोली? मस्त उजेड आहे."

अप्पा खूश झाले. ते बस डेपोतून फिटर म्हणून निवृत्त झाले होते आणि खोलीची विटेवर वीट त्यांनी स्वतः ठेवली होती. खोली टाकीला जवळजवळ चिकटून होती. "पाणी बघा ना," ते म्हणाले. "टाकी हाताच्या अंतरावर. एक वाकण नाही, एक सांधा जास्तीचा नाही. खाली पाणी दोन मजले फिरून यायचं. इथे सरळ टाकीतून मशीनमध्ये."

"मग बिघडलं काय?"

"ह्यानं आपटलं," अप्पांनी दिराकडे बोट दाखवलं.

"टेकवलं," दीर म्हणाला.

मेकॅनिकने नळ बंद करून मशीनमागची नळी सोडवली आणि तोंडाशी बसवलेली बोटभर जाळी चिमट्याने ओढून काढली. स्वच्छ होती. व्हॉल्व्हला मीटर लावलं, ठीक. मग ती उठली आणि भिंतीवरच्या वहीसमोर उभी राहिली. पहिलं पान, दुसरं, तिसरं. बोलणं थांबलं होतं.

"ही कोणी लिहिली?"

"मी," वहिनी म्हणाली.

"ताई, पहिला घाणा रोज सव्वादोन तास. दुसरा अडीच-पावणेतीन. तिसरा बहुतेक वेळा बंद. आणि हे बघा, ह्या गुरुवारी पहिलाच बंद पडला. त्या दिवशी काय झालं होतं?"

वहिनीने आठवलं. "त्या दिवशी सकाळी वीज नव्हती. टाकीत पाणी चढवलंच नव्हतं."

"म्हणजे मशीनने अख्खी रात्र विसावा घेतला होता, तरी पहिलाच घाणा बंद."



"रात्रीच्या विसाव्यात मशीनला काही मिळत नाही हो," मेकॅनिक म्हणाली. "सकाळी टाकी भरते, एवढंच होतं. दमतं ते मशीन नाही, टाकी उतरते!"

तिने पिशवीतून दोन मीटरची पारदर्शक नळी काढली, एक टोक मशीनच्या नळावर चढवून पट्टीने आवळलं आणि दुसरं टोक अप्पांच्या हातात दिलं. "काका, वर धरा. हात पूर्ण वर. मी नळ सोडते. पाणी कुठवर चढतं ते तुम्हीच सांगा."

अप्पांनी हात वर केला. नळ सुटला. पाणी नळीत सरसर शिरलं, नळाच्या वर वीतभर चढलं आणि थांबलं. अप्पांनी नळी हलवली. पाणी डुचमळलं आणि पुन्हा तिथेच येऊन उभं राहिलं.

"अडकलंय काहीतरी," अप्पा म्हणाले.

"खिडकीतून टाकीकडे बघा. आत पाणी कुठवर आहे?"

काळ्या टाकीवर ओलसर रेघ दिसत होती. निम्म्याच्याही जरा खाली. अप्पांनी नळीतलं पाणी पाहिलं, ती रेघ पाहिली, पुन्हा नळी पाहिली. दोन्ही एका पातळीत होती.

"टाकीतलं पाणी नळाच्या जितकं वर, तितकाच दाब," मेकॅनिक म्हणाली. "टाकी जवळ असो नाहीतर लांब, उंचीच मोजायची. मशीनच्या पुस्तकात लिहिलंय, पाणी निदान तीन मीटर वरून यायला हवं. तुमच्याकडे आत्ता वीतभर वरून येतंय. टाकी तुडुंब असली तरी मीटरभरसुद्धा नाही."

"पण बादली पाऊण मिनिटात भरते!"

"भरणारच. उघड्या नळाला कोण अडवतंय? व्हॉल्व्हच्या आत रबराचा पडदा असतो, काका. वीज आली की एक बारीकसं भोक उघडतं, बाकी पडदा उचलायचं काम पाण्याच्या दाबाचं. दाब नसला की पडदा किलकिला होतो आणि पाणी धारेऐवजी ठिबकतं. मशीन वाट बघत बसतं, म्हणून घाणा लांबतो. ठरलेल्या वेळात पाणी भरलं नाही की ते शिट्टी मारतं आणि बंद पडतं. तुम्ही फिटर, बादली बघणारच. आमच्यातलेही बादलीच बघतात."

"थांबा," दीर पुढे आला. त्याचा आवाज चढला होता. "म्हणजे मशीन आपटल्यामुळे काहीही झालेलं नाही?"

"काहीही नाही. मशीन ठणठणीत आहे."

"आई! ऐकलंस? ठणठणीत! महिनाभर मी—"

"म्हणजे आपटलं होतं खरं," सासूबाई म्हणाल्या.

वहिनी हसली नाही. ती घड्याळ बघत होती. अकरा वाजून पाच मिनिटं. "मोटर लावून टाकी भरली तर?"

"आताचा घाणा सुटेल. पण पहिल्यासारखाच चालेल. सव्वादोन तास."

"दोन घाणे म्हणजे साडेचार तास. नाही जमत. जोर वाढवणारा पंप?"

"बसवता येईल. पण आणायचा, जोडायचा, वायर ओढायची, म्हणजे उद्या. आत्ता अडकलेला घाणा सोडवते, बघा." तिने मशीनचा साबणाचा कप्पा ओढला. "तांब्या द्या आणि बादली भरून घ्या. बटण मीच दाबते."

तिने कप्प्यात तांब्याने पाणी ओतायला सुरुवात केली. धार मोठी झाली की पाणी कप्प्याबाहेर सांडायचं, म्हणून बेताने. मशीनने नुसता घुंघुं असा आवाज केला. एक तांब्या, दुसरा, पाचवा, नववा. अप्पा कठड्यावर टेकून बघत होते. दीर बादली आणत होता. अकराव्या तांब्याला आत टक् झालं आणि ड्रम फिरला.

"फिरलं!" सासूबाई ओरडल्या.

"त्याला पाणी कुठून आलं याच्याशी देणंघेणं नसतं," मेकॅनिक म्हणाली. "आत किती साठलं, तेवढंच कळतं."

दीर नाचलाच. "झालं तर मग! आपण चौघं आहोत. उरलेले दोन्ही घाणे तांब्याने!"

 वहिनी वहीत लिहीत होती. धुणं संपलं, पहिल्या खळबळणीचं पाणी भरायची वेळ आली, तेव्हा तिने तांब्या हातात घेतला आणि घड्याळ समोर ठेवलं. टॉवेल पाणी पितात. पाणी ओतत गेलं तरी मशीनचं समाधान होईना. ड्रम फिरला तेव्हा दहा मिनिटं झाली होती.

"नाही जमत," ती म्हणाली. "एका घाण्यात चार वेळा पाणी. चार दाहे चाळीस मिनिटं नुसतं ओतण्यात. म्हणजे एक घाणा पावणेदोन तास, दोन घाणे साडेतीन तास. शेवटचा उतरेल तीन वाजून गेल्यावर. वाळायला दीड-दोन तास. पाच वाजता टॉवेल दोरीवरच असतील." तिने पेन्सिल खाली ठेवली. "खाली हा एक तास दहा मिनिटांत व्हायचा. मशीन खाली न्यायचं."

अप्पांनी मान वर केली. "आत्ता?"

"हा घाणा उतरला की लगेच."

"मधल्या मजल्यावर ठेवू. तीन-साडेतीन मीटर भरतंच की तिथे. खाली कशाला?"

"टाकी भरलेली असताना भरतं, काका," मेकॅनिक म्हणाली. "ती उतरली की काठावर येणार. खाली सहा मीटरच्या वर आहे, टाकी तळाला गेली तरी."

 खोली त्यांनी कशासाठी बांधली ते घरात सगळ्यांना माहीत होतं. वहिनीची कंबर धरली होती. ओल्या टॉवेलांच्या बादल्या दोन जिने चढवून ती गच्चीवर यायची आणि कठड्याला धरून उभी राहायची. अप्पांनी ते एकदा पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी विटा मागवल्या.

"कंबरेचं काय करणार तू?" ते म्हणाले.

"ते नंतर बघू, अप्पा. आज पाच वाजायचेत."

अप्पा उठले. "न्यायचं कसं, ते मशीनवाल्या बाईंना विचार. ड्रम आवळायचे बोल्ट लागतील, नाहीतर जिन्यात आतून सगळं हादरेल. मागच्या वेळी न आवळताच आणलं आपण." मग ते दिराकडे वळले. "आणि मशीन तू धरायचं नाहीस."

"मशीन ठणठणीत आहे, हे आत्ताच—"

"बोल्ट कुठायत?" मेकॅनिकने विचारलं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. मशीन आलं त्या दिवशी काढलेले चार बोल्ट कुणालाच आठवत नव्हते.

सासूबाई खाली गेल्या आणि पिशवीत गुंडाळलेले चारही बोल्ट घेऊन आल्या. "ह्या घरात सगळे माझ्यावर हसतात, काही फेकत नाही म्हणून," त्या म्हणाल्या. "हसा आता."

उरलेल्या दोन खळबळण्या गाळून अकरा-पंचावन्नला दुसरा घाणा उतरला. वहिनी आणि सासूबाईंनी टॉवेल झटकून दोरीवर टाकले. पहिल्या घाण्याचे टॉवेल एव्हाना कडक वाळले होते. मेकॅनिकने खालच्या झाकणातून उरलेलं पाणी काढलं, बोल्ट आवळले, नळ्या गुंडाळल्या. मशीन सत्तर किलोचं. खालच्या बाजूला अप्पा आणि मेकॅनिक, वरच्या बाजूला दीर, कारण चौथा माणूस नव्हता.

"एक पायरी, थांबा. एक पायरी, थांबा," मेकॅनिक म्हणत होती. वळणावर दिराने पकड घट्ट केली. उडालेला टवका त्याच्या गुडघ्याशी आला.

"टेकवू नकोस," वरून सासूबाई म्हणाल्या.

"आई, हसवू नकोस, सुटेल!"

नाही सुटलं. बारा-वीसला मशीन मोरीत जुन्या जागी उभं होतं. जुना नळ तसाच होता, प्लगही होता. बोल्ट काढले, पाय फिरवून मशीन डुलत नाही ना ते पाहिलं. वहिनीने तिसरा घाणा भरला, दार लावलं, नळ सोडला आणि बटण दाबलं.

घर्रर्र करून पाणी आत कोसळलं. महिनाभर तो आवाज कुणी ऐकला नव्हता. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. अप्पांनी मशीनच्या पाठीवर तळहात ठेवला; आत शिरणाऱ्या पाण्याची थरथर हाताला लागत होती.

"दोन मिनिटं चाळीस सेकंद," वहिनी म्हणाली आणि ड्रम फिरू लागला.

"मी निघते," मेकॅनिक म्हणाली. पण ती निघाली नाही. पहिल्या खळबळणीचं पाणी भरेपर्यंत थांबली, आणि तेही तसंच कोसळलं तेव्हाच तिने पिशवी उचलली. "वही सोडू नका, ताई. माझं अर्धं काम तिने केलं."

तिसरा घाणा एक-पस्तीसला उतरला. वहिनीने बादली उचलायला हात घातला तर ती जागेवर नव्हती. अप्पा ती घेऊन जिन्याच्या पाचव्या पायरीवर होते.

"अप्पा, तुमचे गुडघे!"

"गुडघे माझे आहेत. तू चौथा लाव. पाच मिनिटं गेली."

चौथा दोन-पन्नासला उतरला. दीर बादली घेऊन पायऱ्या दोन-दोन करत वर धावला. दोरी कमी पडली. दोन टॉवेल कठड्यावर, एक टाकीवर. वारा होता. चार वाजता वहिनीने प्रत्येक टॉवेलाची शिवण चिमटीत धरून पाहिली. कडा ओलसर होत्या. सव्वाचारला पुन्हा पाहिलं. सासूबाई आणि वहिनी घड्या घालू लागल्या. अप्पा एकेक टॉवेल काढून देत होते, ओलसर लागला की परत दोरीवर टाकत होते. चार-पस्तीसला दोन राहिले. चार-एकेचाळीसला एक राहिला. तो टाकीवरचा.

"एकाहत्तर नेऊ का?" दीर फाटकातून ओरडला. स्कूटर सुरू होती.

"बहात्तर," वहिनी म्हणाली. तिने तो टॉवेल टाकीवरून काढला, दोन्ही हातांनी वाऱ्यावर फडकवत जिना उतरली, फाटकापर्यंत फडकवत आली आणि स्कूटरवर मागे बसल्यावर वाटेतही फडकवत राहिली. रस्त्यावरचे लोक बघत होते.

तलावावर पोहोचले तेव्हा पाचला चार मिनिटं कमी होती. मॅनेजर दारातच उभा होता, हातात स्पर्धेची यादी, मागे पोरांचा कालवा. त्याने गठ्ठे मोजले. मधूनच एक टॉवेल काढला, उलगडला, गालाला लावला. मग दुसरा. तिसरा वहिनीच्या हातातला होता, त्याची घडीच झाली नव्हती.

"हा असा का?"

"हा आत्ता वाळला," ती म्हणाली. "हात लावून बघा."

त्याने लावला. "कोरडा आहे." त्याने तो खांद्यावर टाकला आणि यादीवर खूण केली. "उद्या शंभर असतील. स्पर्धा दोन दिवसांची आहे. सातला पाठवू?"

वहिनीने मनात मांडलं. शंभर म्हणजे सहा घाणे. एक तास दहा, मध्ये पाच मिनिटं. "साडेसहाला पाठवा. शेवटचा दोनच्या सुमाराला उतरेल."

"आणि रोजचे सत्तर-ऐंशी, पुढच्या आठवड्यापासून. चालेल ना?"

"चालेल."

 स्कूटरपाशी आल्यावर दीर म्हणाला, "वहिनी, सहा घाणे. दोन जिने. चढवणार कोण?"

तिने फोन लावला. पलीकडे अप्पांनी पहिल्याच घंटीला उचलला; ते फोन हातात धरूनच बसले असणार.

"पोचले, अप्पा. वेळेत. काम आपलंच."

पलीकडून काही क्षण फक्त सासूबाईंचा आवाज आला, "काय म्हणते? काय म्हणते?" मग अप्पा म्हणाले, "दहा मीटर दोरी आणि एक कप्पी घेऊन या. दहा नको, पंधरा मीटर. बादली अंगणातूनच वर ओढू. उंची मोजलीय मी."

"बरं."

"आणि त्याला म्हणावं, कप्पी बघून घे. आपटलेली नको."

वहिनीने फोन दिराच्या कानाला लावला, तेव्हा तो ओरडला, "टेकवलं होतं!"

स्कूटर दुकानाच्या दिशेने वळली.